फवारा आणि ज्योत

परफ्यूममध्ये बहुधा 70 ते 90 टक्के अल्कोहोल असतं. त्याची वाफ 20 अंशांच्या आसपासही ठिणगीने पेट घेते, म्हणजे आपल्याकडे जवळपास बाराही महिने. रूम स्प्रेच्या डब्यात तर बहुतेकदा स्वयंपाकाच्या गॅसच्याच जातीचा वायू दाबून भरलेला असतो. मासळी तळताना वास घालवायला शेगडी चालू असतानाच फवारा मारला, की ते धुकं ज्योतीपर्यंत पोचतं आणि भडका उडतो. मेणबत्ती नि निरांजनाजवळही तेच. आधी ज्योत विझवा, खिडकी उघडा, मग फवारा. डब्यावर 50 अंशांची मर्यादा छापलेली असते; उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड ती सहज ओलांडतो आणि डबा फुटू शकतो. प्रवासाच्या बॅगेत बटणावर झाकण हवंच, नाहीतर बटण दाबलं जाऊन वायू आत कोंडतो.