बिलात चाळीस, टेम्पोत अडतीस

फर्निचर करणाऱ्या एखाद्या छोट्या कारखान्याचं उदाहरण घेऊ. त्याने १८ एमएम प्लायच्या, आठ बाय चारच्या ४० शीट मागवल्या. दर ठरला चौरस फुटाला ९२ रुपये. टेम्पोतून ३८ शीट उतरल्या, उरलेल्या दोन नंतर पाठवतो असा निरोप ड्रायव्हरने दिला. बिल मात्र ४० शीटचं आलं आणि त्यात दर होता ९६ रुपये.

एका शीटचे ३२ चौरस फूट होतात. म्हणजे बिल १,२८० फुटांचं, १,२२,८८० रुपयांचं. मिळालेल्या मालाची ठरलेल्या दराने किंमत होते १,११,८७२ रुपये. फरक ११,००८ रुपयांचा आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे १,९८१ रुपये ४४ पैसे. या फरकात दोन चुका मिसळलेल्या आहेत, त्या सुट्या केलेल्या बऱ्या. न आलेल्या दोन शीटचे बिलाच्या दराने ६,१४४ रुपये. आलेल्या ३८ शीटवर फुटामागे चार रुपये जास्त लागले, त्याचे ४,८६४ रुपये. पुरवठादाराकडे पहिल्या चुकीचं उत्तर गोदामात मिळतं, दुसरीचं विक्री करणाऱ्याकडे. दोन्ही एकाच आकड्यात घातल्या की ‘बघून सांगतो’ एवढंच उत्तर येतं.

नग किती, हा वाद खरं तर माल उतरताना मिटायला हवा. चलनावर न मोजता सही होते आणि मग ती सहीच पुरवठादाराचा पुरावा बनते. सही करण्याआधी चलनाच्या दोन्ही प्रतींवर ‘३८ नग मिळाले, २ कमी’ असं लिहून ड्रायव्हरचीही सही घ्यावी. एवढं केलं तर पुढचं पत्र चार ओळींत आटोपतं.

दराचं प्रकरण जास्त नाजूक असतं. तक्रार करण्यापूर्वी आपलीच ऑर्डर नीट वाचावी. ‘डिलिव्हरीच्या दिवशीचा दर लागू’ अशी ओळ कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरांत असू शकते. ९२ हा दर कर धरून होता की वगळून, आणि शीटच्या जाडीचा किंवा ग्रेडचा काही फरक आहे का, हेही तपासावं. दरवाढीचा निरोप फोनवर कोणी मान्य केला होता का, हे कारखान्यातल्या माणसांना विचारावं. निम्मे वाद इथेच निवळतात, कधी पुरवठादाराच्या बाजूनेही!

ऑर्डर, चलन आणि बिल जुळत नाही याची खात्री झाली की लिहायचं. फोन जरूर करावा, पण मागणी लेखीच हवी. मजकूर साधा असावा:

‘स.न.वि.वि. आपल्या बिलात ४० शीट आणि दर ९६ रुपये आहे. आमच्या ऑर्डरीप्रमाणे दर ९२ रुपये असून चलनाप्रमाणे ३८ शीट मिळाल्या आहेत. फरक ११,००८ रुपये अधिक जीएसटी. या रकमेची क्रेडिट नोट पाठवावी. दोन शीट पाठवणार असाल तर त्यांचं वेगळं बिल करावं. ऑर्डर व चलनाची प्रत सोबत आहे.’

बिल, ऑर्डर आणि चलन यांचे क्रमांक व तारखा त्यात हव्यातच. ‘तुम्ही फसवलंत’ हे शब्द नकोत. बहुतेक वेळा जुनी दरयादी संगणकात राहून गेलेली असते.

बिलावर पेनाने आकडा खोडून परत पाठवणं किंवा गुपचूप कमी पैसे भरणं, हे दोन्ही रस्ते चुकीचे. विक्रेत्याने ते बिल जीएसटीच्या विवरणपत्रात भरलेलं असतं, त्यामुळे दुरुस्तीही त्याच्याच कागदाने व्हावी लागते. तो कागद म्हणजे क्रेडिट नोट. ग्राहकाने काढलेली डेबिट नोट ही फक्त त्याच्या खात्यातली नोंद. तिने विक्रेत्याचा कर कमी होत नाही. विक्रेता ई-इनव्हॉइस काढणारा असेल तर पोर्टलवर ते बिल २४ तासांच्या आत रद्द करता येतं. म्हणून चूक त्याच दिवशी दिसली तर लगेच कळवावं, नवं बिल सहज मिळतं. मुदत टळली की क्रेडिट नोटच.

दरम्यान न आलेल्या दोन शीटवरच्या कराची वजावट ग्राहकाने घेऊ नये. माल हाती आल्याशिवाय तो हक्क मिळत नाही, पोर्टलवर पूर्ण रक्कम दिसली तरी. वाद नसलेली रक्कम, इथे करासह १,३२,००८ रुपये ९६ पैसे, ठरलेल्या मुदतीत भरून टाकावी आणि भरताना ‘बिलातील वादाची रक्कम वगळून’ असं लिहून कळवावं. पुरवठादार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असेल तर आणखी एक घड्याळ चालू असतं: डिलिव्हरीपासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल स्वीकारला असं कायदा धरतो.

क्रेडिट नोटलाही शेवटची तारीख आहे. ज्या आर्थिक वर्षात माल पुरवला ते संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरलं तर त्या दिवसापर्यंत, ती दाखवावी लागते. त्यानंतर विक्रेत्याला त्या व्यवहारावरचा जीएसटी कमी करून मिळत नाही.