चार इलेक्ट्रॉनांची उधारी

पहाटे साडेपाचला शेततळ्याच्या काठावर उभं राहिलं, की कधीकधी पाण्यातून चुपुक-चुपुक असा आवाज येतो. रोहू आणि कटला पार वर आलेले असतात आणि तोंडं उघडून हवा ओढत असतात. त्याच तळ्यावर दुपारी तीनला गेलात, तर एकही मासा दिसणार नाही. तळं तेच, मासे तेच. मधल्या काळात बदलतो तो पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन. दिवसा शेवाळ ऊन खाऊन तो तयार करतं. रात्री मात्र मासे, तळाचा गाळ आणि खुद्द ते शेवाळसुद्धा तो संपवत राहतात. पहाटे पिशवीत किती शिल्लक उरली, हे मोजायचं आहे.

शिल्लक मुळातच तुटपुंजी असते. ३० अंश तापमानाचं स्वच्छ पाणी हवेतून जितका ऑक्सिजन घ्यायचा तितका घेऊन बसलं, तरी लिटरमागे साधारण साडेसात मिलिग्रॅमच धरतं. एक लिटर हवेत मात्र पावणेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन असतो. शिवाय पाण्यातला ऑक्सिजन दिसत नाही, त्याला रंग नाही, चव नाही. मोजायला घेतलेलं पाणी उघडं ठेवलं तर हवेतून आणखी आत शिरतो.

१८८८ साली बुडापेस्टच्या लायोश विंकलर या पंचविशीतल्या रसायनशास्त्रज्ञानं यावर जी युक्ती काढली, ती आजही प्रयोगशाळांत वापरली जाते. आता इलेक्ट्रोड पाण्यात बुडवून आकडा वाचता येतो हे खरं, पण इलेक्ट्रोड खरं बोलतोय का हे तपासायचं झालं, की माणसं पुन्हा विंकलरच्याच बाटलीकडे वळतात.

युक्ती अशी, की ऑक्सिजनला थेट मोजायचंच नाही. ऑक्सिजनचा एक रेणू म्हणजे एक सावकार समजा, ज्याची चार इलेक्ट्रॉनांची वसुली बाकी आहे. ती वसुली या हातातून त्या हातात फिरवत शेवटी अशा माणसाकडून करायची, ज्याचे पैसे आपल्याला ब्युरेटमध्ये मोजता येतात. हात बदलतात, नाण्यांचा आकार बदलतो, पण एकूण रक्कम चारच राहते. या पद्धतीतली सगळी मोलची गणितं याच एका वाक्यावर उभी आहेत. (मोल म्हणजे डझनासारखीच एक मोजणी, फक्त प्रचंड मोठी. एक मोल ऑक्सिजन वायूचं वजन ३२ ग्रॅम भरतं, एवढं इथे पुरे.)

३०० मिलिलिटरची काचेची बाटली घ्यायची, तिचं बूच निमुळतं, घासलेल्या काचेचं असतं. नळी बाटलीच्या तळापर्यंत नेऊन पाणी हळू सोडायचं आणि बाटली भरली तरी ते वाहू द्यायचं. बाटलीत आधी शिरलेलं, हवेला लागलेलं पाणी दोन-तीनदा बदलून निघायला हवं. मग पिपेटचं टोक पाण्याखाली नेऊन आधी एक मिलिलिटर मँगनीज सल्फेट आणि त्यामागून एक मिलिलिटर अल्कलीयुक्त पोटॅशियम आयोडाइड सोडायचं. बूच तिरकं बसवायचं, म्हणजे आत बुडबुडा अडकत नाही. या बुडबुड्याची भीती उगीच नाही. अर्धा मिलिलिटर हवा आत राहिली आणि तिच्यातला सगळा ऑक्सिजन पाण्यात उतरला, तर लिटरमागे ०.४ मिलिग्रॅमहून जास्त भर पडते. पहाटेच्या नमुन्यात एवढा फरक माशांना धोका आहे की नाही हेच उलटं सांगू शकतो.

अल्कली आणि मँगनीज भेटले, की पांढरा साका धरतो, मँगनस हायड्रॉक्साइडचा. हा आपला पहिला ऋणको. अल्कलीत तो ऑक्सिजनला फार लवकर शरण जातो आणि तपकिरी होतो.

Mn²⁺ + 2OH⁻ → Mn(OH)₂
2Mn(OH)₂ + O₂ → 2MnO(OH)₂

मँगनीजचा प्रत्येक अणू दोन इलेक्ट्रॉन देतो, म्हणून ऑक्सिजनचं चारचं येणं फेडायला दोन अणू लागतात. १ मोल ऑक्सिजनला २ मोल तपकिरी साका. बाटली उलटसुलट हलवायची, साका अर्ध्यापर्यंत बसू द्यायचा, पुन्हा हलवायची. साका दुधासारखा पांढराच राहिला, तर पाण्यात ऑक्सिजन जवळपास नाहीच. टायट्रेशन करायच्या आधीच उत्तर हातात येतं.

इथे पुस्तकांत एक घोळ दिसतो. काही पुस्तकं तपकिरी साका MnO(OH)₂ म्हणून लिहितात, तर काही Mn(OH)₃. विद्यार्थी गोंधळतात आणि विचारतात, मग गुणोत्तर बदलणार नाही का? दुसरं सूत्र धरून बघू. आता मँगनीजचा अणू दोनऐवजी एकच इलेक्ट्रॉन देतो, म्हणून ऑक्सिजनच्या एका रेणूला चार अणू लागतील. पुढच्या पायरीत यातला प्रत्येक अणू एकच इलेक्ट्रॉन परत मागणार. दोन जणांकडे दोन-दोन, नाहीतर चौघांकडे एक-एक: बेरीज चारच. साक्यात नेमकं काय आहे याचा वाद चालू राहिला, तरी तळ्याचा आकडा हलत नाही.

पुढे एक मिलिलिटर तीव्र सल्फ्युरिक आम्ल. ते बाटलीच्या मानेशी सोडलं, की साका विरघळतो आणि पाणी पिवळं-तपकिरी होतं.

MnO(OH)₂ + 2I⁻ + 4H⁺ → Mn²⁺ + I₂ + 3H₂O

अल्कलीत निमूटपणे बसलेलं मँगनीज आम्लात एकदम आक्रमक होतं आणि आपले दोन इलेक्ट्रॉन आयोडाइडकडून वसूल करतं. अल्कली आणि आम्ल ही खरं तर एका दाराची दोन कुलुपं आहेत. पहिलं उघडं असताना ऑक्सिजन आत येतो. आम्ल घातल्यावर तो मार्ग बंद होतो आणि आयोडीनचा मार्ग उघडतो. मँगनीज मात्र सुरुवातीला होतं तसंच, Mn²⁺ होऊन बाजूला होतं; त्यानं फक्त निरोप पोचवला. १ मोल ऑक्सिजनमागे आता २ मोल आयोडीन आहे.

उरलं थायोसल्फेट. जुन्या फोटोग्राफरांच्या अंधाऱ्या खोलीतला ‘हायपो’ तो हाच.

I₂ + 2S₂O₃²⁻ → 2I⁻ + S₄O₆²⁻

थायोसल्फेटचा प्रत्येक मोल एक इलेक्ट्रॉन देतो. दोन मोल आयोडीनला चार मोल थायोसल्फेट, म्हणजे १ मोल ऑक्सिजनला ४ मोल थायोसल्फेट. ३२ ग्रॅम भागिले चार, म्हणून थायोसल्फेटचा एक मोल ८ ग्रॅम ऑक्सिजनची साक्ष देतो. प्रयोगशाळेच्या भिंतींवरच्या सूत्रांत जो ८ दिसतो, तो इथून आलेला आहे.

आता पहाटेचा नमुना. थायोसल्फेट ०.०२५ मोलर, म्हणजे त्याच्या एका मिलिलिटरमध्ये २५ मायक्रोमोल. बाटलीतून टायट्रेशनला २०१ मिलिलिटर घ्यायचे, २०० नव्हे. कारण पहिली दोन रसायनं घालताना दोन मिलिलिटर नमुना बाहेर सांडला आणि त्याची जागा रसायनांनी घेतली. बाटलीतले २०१ मिलिलिटर म्हणजे मूळ तळ्याचे २००. आम्ल घालतानाही एक मिलिलिटर सांडतं, पण त्याची भरपाई करत नाहीत. तोवर ऑक्सिजन खाली साक्यात जाऊन बसलेला असतो आणि सांडते ती वरची निवळी. ही बारीक गोष्ट लक्षात न आल्यानं तीन मिलिलिटरची दुरुस्ती करणारे मी पाहिले आहेत.

समजा ब्युरेटमधून २.४ मिलिलिटर गेलं. २.४ गुणिले २५, म्हणजे ६० मायक्रोमोल थायोसल्फेट. आता उलट्या दिशेनं चालायचं. आयोडीन त्याच्या निम्मं, ३०. तपकिरी साका तितकाच, ३०. ऑक्सिजन त्याच्या निम्मा, १५ मायक्रोमोल. ३२ नं गुणलं की ४८० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.४८ मिलिग्रॅम. तो होता २०० मिलिलिटरमध्ये. लिटरला पाचपट, २.४ मिलिग्रॅम. ब्युरेटचा आकडा आणि उत्तर तंतोतंत एकच आलं, हा योगायोग नाही. द्रावणाची तीव्रता आणि नमुन्याचं माप असं जुळवून घेतलेलं आहे, की एक मिलिलिटर म्हणजे लिटरमागे एक मिलिग्रॅम. सोय उत्तम आहे, पण तिच्यामुळे मधली चार पावलं विसरली जातात. मग एखाद्या दिवशी ०.०२ मोलरचं द्रावण हाती आलं, की माणूस तसाच आकडा लिहून मोकळा होतो.

द्रावणाच्या तीव्रतेवर विश्वासही फार दिवस ठेवता येत नाही. लिटरला ६.२०५ ग्रॅम स्फटिक घालून थायोसल्फेट बनवलं, तरी ते जिवाणूंमुळे आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे हळूहळू क्षीण होतं. क्षीण द्रावण जास्त खर्च होतं आणि तळ्यात ऑक्सिजन आहे त्याहून जास्त दिसतो. ही चूक धोक्याच्या बाजूची आहे. म्हणून वजन केलेल्या पोटॅशियम डायक्रोमेटशी ते पुन्हा पडताळतात. तिथे १ मोल डायक्रोमेटला ६ मोल थायोसल्फेट लागतं.

टायट्रेशनचा शेवट डोळ्यांनी पकडायचा असतो. पिवळा रंग फिका, वाळलेल्या गवतासारखा झाला, की स्टार्चचे थेंब घालायचे. द्रावण निळं होतं आणि निळा रंग गेला की थांबायचं. स्टार्च फार आधी घातलं तर ते आयोडीनला घट्ट धरून ठेवतं आणि शेवट पुढे सरकतो. पहाटेच्या नमुन्यात आयोडीन मुळातच इतकं थोडं असतं, की रंग सुरुवातीपासूनच फिका दिसतो आणि स्टार्च लगेच घालावं लागतं.

रंग गेला आणि काही सेकंदांत पुन्हा निळा आला, तर पाण्यात नायट्राइट आहे असं समजा. सांडपाणी मिसळलेल्या नदीत किंवा खाद्य उतू गेलेल्या तळ्यात हे हटकून होतं. आम्लात नायट्राइट स्वतःच आयोडाइडकडून इलेक्ट्रॉन ओढतं, त्यातून बनलेला नायट्रिक ऑक्साइड हवेतला ऑक्सिजन घेऊन पुन्हा कामाला लागतो, आणि वसुली संपतच नाही. म्हणून अल्कली-आयोडाइडमध्ये सोडियम अझाइड मिसळतात. आम्ल पडताच ते नायट्राइटला नायट्रोजन आणि नायट्रस ऑक्साइड करून वाटेतून दूर करतं. अझाइड विषारी आहे, पिपेट तोंडानं ओढायची नाही. निळा रंग पाच-दहा मिनिटांनी रेंगाळत आला, तर तो चंबूवरच्या हवेचा खेळ असतो आणि तो मोजायचा नसतो. रंग पहिल्यांदा गेला तो शेवट.

लोहाचा दोष उलटा. फेरस लोह स्वतः इलेक्ट्रॉन देऊ करतं, त्यामुळे आकडा खाली येतो. गाळ ढवळलेल्या तळाच्या पाण्यात ही शंका मनात ठेवावी.

त्याच तळ्याचा दुपारी तीनचा नमुना घेतला, तर १२.६ मिलिलिटर थायोसल्फेट गेलं तरी नवल नाही. शेवाळानं हवेच्या हिशोबापेक्षा कितीतरी जास्त ऑक्सिजन पाण्यात कोंडलेला असतो. तो बाटली भरतानाच सुटायला पाहतो, म्हणून नळी आणखी सावकाश सोडावी लागते. दोन आकड्यांची सरासरी साडेसात येते, कागदावर झकास दिसते, पण मासे सरासरीवर जगत नाहीत. एरेटर चालवायचा तो २.४ बघून, पहाटे चारच्या आत.