पिपातले उंदीर आणि परीक्षेतलं उत्तर

बी.ए.च्या आधुनिक मराठी कवितेच्या पेपरात आशयसूत्रं आणि काव्यविशेष यांवरचा प्रश्न ठरलेला, आणि बहुतेक उत्तरंही ठरलेली. एका परिच्छेदात यंत्रयुग, एकाकीपणा, मूल्यांची पडझड; दुसऱ्यात प्रतिमा, प्रतीक, छंद. या दोन परिच्छेदांची एकमेकांशी ओळखच नसते. मार्क तिथेच जातात, आणि कविताही तिथेच निसटते.

बा. सी. मर्ढेकरांची उंदरांची कविता घ्या. ज्या ‘काही कविता’ संग्रहात ती आहे, तो १९४७ चा. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलेलं. पिपात उंदीर मरून पडलेत, एवढंच दृश्य. उंदीर हा आपल्याकडे मारायचाच प्राणी, त्याच्यासाठी कोणी हळहळत नाही. कवी मात्र त्यांच्या माना, ओठ, डोळे अगदी जवळून दाखवतो आणि प्रेमकवितेत शोभतील असे शब्द या प्रेतांना लावतो. त्यातच ‘बेकलाइट’सारखा कारखान्यातला शब्द येतो. शृंगार, मरण आणि यंत्र एका जागी आल्यामुळे वाचकाला शिसारी येते आणि त्याच वेळी कणवही वाटते. यंत्रयुगात जगणं आपल्या मर्जीचं उरलं नाही आणि मरणंही नाही, हा आशय या विरोधातूनच उभा राहतो.

आता छंद पाहा. ही कविता पादाकुलकात आहे: ओळीत सोळा मात्रा, चार-चारांचे चार गट. चाल हलकी, गुणगुणावी अशी. एवढं भयाण दृश्य त्याच संथ ठेक्यात पुढे सरकतं, एकाही मरणापाशी ठेका अडखळत नाही. कविता गद्यात उतरवून बघा; दृश्य उरतं, पण ही निर्विकार लय जाते आणि अंगावर येणारा शहाराही जातो.

‘उंदीर म्हणजे सामान्य माणूस’ एवढं लिहून अनेक जण थांबतात. हे अर्धंच उत्तर झालं. तेवढंच सांगायचं असतं तर ओठांची आणि बेकलाइटची गरजच नव्हती. प्रतीकाचा अर्थ सांगितल्यावर हे बारकावे तिथे काय करतात, तेही सांगायला हवं.

हीच नजर पुढच्या कवींनाही लागू पडते. नारायण सुर्व्यांचा ‘ऐसा गा मी ब्रह्म’ १९६२ चा. कामगाराचं जगणं तिथे बोलण्याच्या लयीत येतं, कारण बोलणारा स्वतः त्या वस्तीतला आहे. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’त (१९७२) तर मुंबईच्या त्या वस्तीतले शब्द जसेच्या तसे येतात. ते ‘सभ्य’ केले तर विद्रोहच संपतो. तिथे भाषा हाच आशय आहे.

म्हणून नोट्स उघडण्याआधी कविता मोठ्याने वाचा, बोटांवर मात्रा मोजा, आणि खटकलेल्या शब्दाखाली रेघ मारा. उत्तर त्या शब्दापासून सुरू करा.