तारेचं भोक नसलेलं पत्र

वडील गेल्यावर मुलगी घर आवरायला बसते. माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात जुनी पत्रं सापडतात. त्यांत एक तिच्या वाढदिवसाचं असतं, पंचवीस-तीस वर्षांपूर्वी आलेलं आणि तिने कधीच न पाहिलेलं. या बीजावरच्या कथा दिवाळी अंकांत वाचल्या आहेत, नवे लेखकही ती हौसेने लिहायला घेतात. बहुतेक कथा एकाच जागी अडखळतात. पत्र उशिरा का आलं, एवढं सांगण्यात त्या गुंततात आणि ते डब्यात कोणी ठेवलं हे विचारायचंच राहून जातं. डब्यातलं पत्र वाटेत हरवलेलं नसतं. कोणीतरी ते घेतलेलं, बहुधा वाचलेलं आणि जपून ठेवलेलं असतं. कथा त्या हातापाशी सुरू होते.

हा उशीर तीन ठिकाणी होऊ शकतो: पत्र लिहिण्यात, टपालाच्या प्रवासात, किंवा घरात आल्यावर ते ज्याचं त्याला देण्यात. तिन्ही उशीर एकमेकांपासून वेगळे काढता येतात. पण पत्राचा मजकूर त्याला पुरत नाही, कागद वाचावा लागतो. हे कसं करायचं ते दाखवण्यासाठी एक कथा रचून पाहू. माणसं कल्पित आहेत, काळ खरा आहे.

काळ 1974 चा मे महिना. भाऊ भुसावळला रेल्वेत, लोको शेडमध्ये. वडील आणि धाकटी बहीण साताऱ्याला. बहिणीचा जन्म 14 मे 1955 चा, म्हणजे त्या वर्षी तिला एकोणीस पूर्ण होणार. 8 मे रोजी देशभर रेल्वे कामगारांचा संप सुरू झाला आणि 27 मे रोजी मागे घेतला गेला. संपाआधीच जॉर्ज फर्नांडिस यांना अटक झाली होती. पुढे हजारो कामगार पकडले गेले, क्वार्टरमधून कुटुंबं बाहेर काढली गेली, अनेकांना नोकरीवरून कमी केलं. आपल्या कथेतले वडील सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. मुलाने संपात जाऊ नये असं त्यांनी निक्षून सांगितलेलं, आणि तो गेलेला.

त्या 14 मे रोजी भावाचं पत्र आलं नाही. बहिणीने मनात धरलं. पुढे बोलणं झालं, राख्या गेल्या, लग्नं झाली, पण ती अढी तशीच राहिली. 2001 मध्ये वडील गेले आणि डबा उघडला.

आत फिकट निळं अंतर्देशीय पत्र. वरच्या कोपऱ्यात तारीख 12 मे 1974, वार रविवार. मजकूर चार ओळींचा: चि. म्हणून सुरुवात, अनेक उत्तम आशीर्वाद, वाढदिवसाला काय घेतलंस ते कळव, परीक्षेचा निकाल कळव. संपाबद्दल अवाक्षर नाही. चिकटवायच्या पट्टीवर दाटीवाटीने शेवटची ओळ, ती. बाबांना शि. सा. न.

इथे वाचणाऱ्याला वाटेल, उघड आहे, गाड्या बंद होत्या आणि पत्र अडकलं. त्या काळी पत्रांची विभागणी रेल्वे मेल सर्व्हिसच्या डब्यांत, धावत्या गाडीत होत असे, त्यामुळे हा तर्क चुकीचा म्हणता येत नाही. लेखकाने वाचकाला इथे थोडा वेळ राहू द्यावं. मग पत्र उलटावं.

पत्रावर दोन गोल शिक्के असतात. एक टाकलेल्या गावचा, तिकिटावर मारलेला. दुसरा पोहोचलेल्या गावचा. दोन्हींत पोस्ट ऑफिसचं नाव आणि मध्ये तारीख. शाई पसरलेली असते, निम्मा शिक्का कागदाबाहेर गेलेला असतो, तारखेतला आकडा 3 आहे की 8 हे पुष्कळदा कळत नाही. अशा वेळी कागद उजेडाकडे तिरपा धरला तर शिक्क्याचा दाब दिसतो आणि शाईने लपवलेलं कधी कधी वाचता येतं. आपल्या पत्रावर भुसावळचा शिक्का 30 मेचा आहे आणि साताऱ्याचा 3 जूनचा. म्हणजे टपालाने चार दिवस घेतले. संप मिटून आठवडाही झालेला नव्हता, त्या मानाने टपालाचा काहीच दोष नाही. मात्र लिहिणं 12 तारखेचं आणि पेटीत टाकणं 30 तारखेचं. मधले अठरा दिवस पत्र भावापाशी होतं.

कागदावर याचाही पुरावा आहे. अंतर्देशीय पत्राला छापील घड्या असतात, त्या सगळ्यांच्या सारख्याच. या पत्राला त्यांखेरीज आणखी एक घडी आहे, बंद केलेलं पत्र मधोमध दुमडल्याची. शर्टाच्या खिशात मावावं म्हणून कोणी दुमडतं तशी. पत्ता लिहिलेल्या बाजूची शाई एका जागी घामाने पसरली आहे. पत्र लिहून, चिकटवून, खिशात घालून तो फिरत होता.

टाकलं का नाही? शिक्क्यावर गावाचं नाव उमटतं म्हणून. अटक चुकवून कुठल्याशा खेड्यात राहिलेल्या माणसाने तिथल्या पोस्टात घरी पत्र टाकलं, तर तो कुठे आहे हे पोस्टमनला, शेजाऱ्याला आणि घरी चौकशीला आलेल्या पोलिसाला न विचारता कळलं असतं. संप संपल्यावर तो भुसावळला परतला आणि मग पत्र पेटीत गेलं. नवी तारीख घालून दुसरं पत्र त्याने लिहिलं नाही. कारण 12 मे ही तारीख त्याला बहिणीला दाखवायची होती, दोन दिवस आधीच लिहिलं होतं हे. असं कारण सापडलं की कथेतला उशीर योगायोगाचा राहत नाही, तो माणसाचा होतो.

तार का केली नाही, असं वाचक विचारील. शुभेच्छांच्या तारांसाठी ठराविक वाक्यांची क्रमांकवार यादी तारघरात असे. आपण क्रमांक द्यायचा, पलीकडे ते वाक्य लिहून दिलं जायचं. आपलं स्वतःचं वाक्य त्यात नसायचं आणि कुठल्या तारघरातून तार केली हे तारेवर असायचंच. कथेत एवढं एका ओळीत आलं तरी पुरे.

अशा कथेत काळाचे तपशील चुकले की सगळा डोलारा बसतो. सहा आकडी पिन कोड 15 ऑगस्ट 1972 पासून आला. त्याची आखणी श्रीराम भिकाजी वेलणकर या टपाल खात्यातल्या मराठी अधिकाऱ्याने केली, जे संस्कृत कवीही होते. तेव्हा 1974 च्या पत्रावर 415001 असेल तर चालेल, नसेल तरी चालेल, कारण लोकांना अजून सवय नव्हती. पण कथा 1968 ची असून पत्त्यात पिन कोड असेल, तर जाणता वाचक तिथेच पुस्तक मिटतो.

आता तिसरा उशीर, आणि माझ्या मते कथेचा गाभा. 3 जूनला पत्र साताऱ्याच्या घरात आलं. अंतर्देशीय पत्र कापल्याशिवाय वाचता येत नाही. घाईत फाडलं तर कडेची अक्षरं पट्टीबरोबर जातात. हे पत्र तिन्ही बाजूंनी सुरीने सरळ कापलेलं आहे, वडिलांच्या नावच्या पत्रांसारखंच. म्हणजे ते कोणी वाचलं, हे मुलीला पाहताक्षणी कळतं.

आणखी एक खूण आहे. त्या काळी घराघरांत भिंतीला वाकवलेली तार टांगलेली असे आणि वाचून झालेलं पत्र तिला टोचून ठेवत. तार भरली की गठ्ठा उतरवून डब्यात. डब्यातल्या त्या वर्षीच्या प्रत्येक पत्राच्या मधोमध तारेचं गंजकट भोक आहे, लग्नपत्रिकांनासुद्धा. या एका पत्राला भोक नाही. ते तारेवर कधी चढलंच नाही. तारेवरची पत्रं घरातलं कोणीही काढून वाचू शकत असे, म्हणून ते आधीपासूनच वेगळं ठेवलं गेलं, आणि पुढे कधीतरी त्याच हातांनी बाकीच्यांत सरकवलं गेलं.

वडिलांना खलनायक केलं की कथा स्वस्त होते. नकोसं पत्र घरात ठेवायचं नसतं, हे त्या पिढीला ठाऊक होतं. कोणी गेल्याचं कार्ड आलं की वाचून लगेच फाडून टाकत. वडिलांनी हे फाडलं नाही. त्यांची अडचण पट्टीवरच्या शेवटच्या ओळीत आहे. पत्र मुलीला द्यायचं तर मुलाने केलेला नमस्कार स्वीकारल्यासारखं झालं असतं, आणि तीन आठवड्यांपूर्वीच त्यांनी ‘तो मला मेला’ असं काहीसं शेजाऱ्यांसमोर बोलून ठेवलं होतं. आज देऊ, उद्या देऊ करत दिवस गेले. काही महिन्यांनी द्यायचं तर इतके दिवस का दिलं नाही हे सांगावं लागलं असतं. लपवणं बहुतेक वेळा असंच वाढतं, एका दिवसाचं ठरवून कोणी पंचवीस वर्षं लपवत नाही.

या घरात वाढदिवसाचीही एक गाठ आहे. वडील तिथीने औक्षण करणारे, भाऊ तारखेने पत्र लिहिणारा. त्यामुळे बहिणीचे दर वर्षी दोन वाढदिवस. चांद्र आणि सौर वर्षांचा मेळ साधारण दर एकोणीस वर्षांनी बसतो, म्हणून एकोणिसाव्या वाढदिवसाला तारीख आणि तिथी एकाच दिवशी, फार तर एखाद्या दिवसाच्या फरकाने येतात. त्या वर्षी वडिलांनी ओवाळलं तो दिवस आणि भावाच्या पत्राची वाट पाहिली तो दिवस एकच होता. ताम्हन हातात घेतलेल्या वडिलांचा चेहरा तिला आता निराळा आठवतो. तेव्हा पत्र आलेलं नव्हतं, हेही तिला शिक्क्यावरून माहीत आहे. म्हणजे त्या दिवशी तेही वाट पाहत असावेत.

पुढे काय, हा प्रश्न बरेच लेखक भावाला आधीच मारून सोडवतात. मला ते पटत नाही. भाऊ जिवंत असू द्यावा. त्याची नोकरी गेली असेल, तर 1977 मध्ये मधु दंडवते रेल्वेमंत्री झाल्यावर बडतर्फ कामगारांना परत घेतलं गेलं, त्यांत तोही लागला असेल आणि आता निवृत्तीला आला असेल. बहीण त्याला फोन करते. वडिलांबद्दल ती विचारत नाही, पत्र सापडलं म्हणूनही लगेच सांगत नाही. ती विचारते, ‘दादा, संपात बारा तारखेपासून तू कुठे होतास?’ तो दचकतो, कारण बारा ही तारीख तिला माहीत असण्याचं काही कारण नाही. मग तो त्या खेड्याचं नाव सांगतो, ज्यांनी ठेवून घेतलं त्या घराचं सांगतो, आणि विचारतो, ‘म्हणजे पत्र मिळालं होतं तुला?’

‘हो’ म्हणायचं की ‘नाही’, हे तिने ठरवायचं आहे. ‘नाही’ म्हटलं तर वडिलांचं गुपित भावापुढे उघडं पडतं. ‘हो’ म्हटलं, तर सत्तावीस वर्षं उत्तर का दिलं नाही याचा दोष ती स्वतःवर घेते. माझ्या कथेत ती म्हणते, ‘मिळालं. निकाल कळवायचा राहिला. सेकंड क्लास आला होता.’