उष्णता समीकरणाची समरूपता उकल

उष्णता समीकरणाची समरूपता उकल म्हणजे स्थान x आणि काल t या दोन स्वतंत्र चलांऐवजी x/√t या एकाच संयुक्त चलावर अवलंबून असणारी उकल. या चलामुळे आंशिक अवकल समीकरणाचे रूपांतर साध्या अवकल समीकरणात होते आणि उत्तर त्रुटी फलनाच्या रूपात मिळते. वेगवेगळ्या क्षणी काढलेले तापमानाचे आलेख आकाराने सारखेच असतात. फक्त त्यांचा पसारा काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढत जातो. म्हणून या उकलीस ‘समरूपता उकल’ म्हणतात. द्रव्याच्या विसरणाचे समीकरणही हेच असल्याने हीच उकल पोलादात कार्बन किती खोल जाईल हे सांगते. पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकण या वाहन उद्योगाच्या पट्ट्यात वापरल्या जाणाऱ्या गीअर व शाफ्ट यांसारख्या भागांच्या पृष्ठकठिणीकरणाचा (केस हार्डनिंग) हा पाया आहे.

## समीकरण आणि मापबदल

एकाच दिशेने वाहणाऱ्या उष्णतेसाठी समीकरण पुढीलप्रमाणे असते :

∂T/∂t = α ∂²T/∂x²

येथे T हे तापमान आणि α हा पदार्थाचा उष्णता विसरण गुणांक आहे. α चे एकक मी²/से. आहे. सर्व लांबी λ पट आणि सर्व काल λ² पट केल्यास समीकरणाच्या दोन्ही बाजू सारख्याच प्रमाणात बदलतात आणि समीकरण जसेच्या तसे राहते. अशा बदलात x/√t या गुणोत्तराची किंमत मात्र बदलत नाही.

केवळ समीकरणाचा हा गुणधर्म पुरेसा नसतो. प्रारंभिक अट आणि सीमा अट यांतही कोणतीही ठरावीक लांबी असता कामा नये. x = 0 पासून एकाच बाजूला अमर्याद पसरलेला, म्हणजे अर्ध-अनंत, ठोकळा ही अट पूर्ण करतो. त्याचे सुरुवातीचे तापमान सर्वत्र T₀ असून t = 0 या क्षणी त्याचा पृष्ठभाग Tₛ तापमानास आणून तेथेच स्थिर ठेवला, तर या प्रश्नात ठोकळ्याची जाडी किंवा अन्य कोणतीही लांबी येत नाही. उपलब्ध राशींपासून तयार होणारी एकमेव लांबी √(αt) ही असते. म्हणून मितिहीन तापमान हे x आणि √(αt) यांच्या गुणोत्तराचेच फलन असावे लागते.

## उकल

पुढील चल घेतल्यास आकडेमोड सुटसुटीत होते :

η = x / (2√(αt))

मितिहीन तापमान f(η) = (T − Tₛ)/(T₀ − Tₛ) असे मानू. η चा काळाच्या संदर्भातील अवकलज −η/(2t) आणि स्थानाच्या संदर्भातील अवकलज 1/(2√(αt)) आहे. हे मूळ समीकरणात घातल्यावर x आणि t स्वतंत्रपणे कोठेही शिल्लक राहत नाहीत आणि पुढील साधे अवकल समीकरण मिळते :

f″ + 2η f′ = 0

यावरून f′ हे e^(−η²) च्या प्रमाणात असते. पृष्ठभागावर f(0) = 0 आणि खूप खोलवर, जेथे बदल अद्याप पोहोचलेला नाही, तेथे f(∞) = 1 या अटी लावल्यास

f(η) = erf(η) = (2/√π) ∫₀^η e^(−s²) ds

हे उत्तर मिळते. मूळ प्रश्नातील प्रारंभिक अट (t = 0) आणि दूरची सीमा अट (x = ∞) या दोन्ही η = ∞ या एकाच अटीत सामावतात. तसे झाले नसते, तर द्वितीय कोटीच्या समीकरणावर तीन अटी आल्या असत्या आणि समरूपता उकल शक्य झाली नसती.

erf(2) ची किंमत सुमारे ०.९९५ आहे. म्हणजे पृष्ठभागापासून 4√(αt) एवढ्या अंतरापलीकडे बदल अर्ध्या टक्क्याहून कमी असतो. या अंतरास बदलाची पोहोच म्हणता येईल. पृष्ठभागातून आत जाणारा उष्णतेचा प्रवाह 1/√t च्या प्रमाणात कमी होत जातो.

## उष्णता आणि कार्बन : दोन वेगांची तुलना

गीअरच्या दाताचा पृष्ठभाग झीज सोसण्याइतका कठीण आणि आतील गाभा धक्के सोसण्याइतका चिवट असावा लागतो. त्यासाठी सुमारे ०.२ टक्के कार्बन असलेले पोलाद ९२५° से. च्या आसपास तापवून कार्बनयुक्त वायूच्या भट्टीत काही तास ठेवतात आणि नंतर तेलात बुडवून झटकन थंड करतात. कारखान्यात या क्रियेस कार्बुरायझिंग म्हणतात. कार्बनचे प्रमाण C असल्यास त्याचे समीकरण ∂C/∂t = D ∂²C/∂x² असे, म्हणजे α च्या जागी D घातलेले उष्णता समीकरणच, असते.

या तापमानाला पोलादाचा उष्णता विसरण गुणांक सुमारे ६ × १०⁻⁶ मी²/से., तर कार्बनचा विसरण गुणांक सुमारे १ × १०⁻¹¹ मी²/से. असतो. दोन्हींत सुमारे सहा लाख पटींचा फरक आहे. पोहोच वर्गमुळावर अवलंबून असल्याने, तेवढ्याच वेळात उष्णता कार्बनच्या पावणेआठशे पट खोल जाते. एक मिलीमीटर अंतरासाठी x²/α हा काळ एका सेकंदाच्या सहाव्या भागाएवढा, तर x²/D हा काळ सुमारे २८ तास येतो. त्यामुळे कार्बन आत शिरत असताना संपूर्ण दात एकाच तापमानाला आहे असे मानता येते आणि D हा स्थिरांक धरता येतो.

## उदाहरण : केसची खोली आणि भट्टीतील वेळ

पोलादात सुरुवातीला ०.२० टक्के कार्बन आहे आणि पृष्ठभागावर ते ०.९० टक्के इतके स्थिर राखले आहे असे समजू. ज्या खोलीवर कार्बन ०.४० टक्के भरतो, ती केसची खोली मानू. मग

(0.90 − 0.40)/(0.90 − 0.20) = 0.714 = erf(η)

यावरून η ≈ 0.755 आणि म्हणून x = 2η√(Dt) ≈ 1.51√(Dt). वरील D ची किंमत घातल्यास, x मिलीमीटरमध्ये आणि t तासांमध्ये मोजल्यावर, t ≈ 12.2 x² असा नियम मिळतो.

| केसची खोली (मिमी) | लागणारा वेळ |
|---|---|
| ०.२ | सुमारे २९ मिनिटे |
| ०.४ | सुमारे २ तास |
| ०.६ | ४.४ तास |
| ०.८ | ७.८ तास |
| १.० | १२.२ तास |

पहिल्या ०.२ मिमीसाठी अर्धा तास पुरतो, परंतु ०.८ वरून १.० मिमीपर्यंत जाण्यास सुमारे साडेचार तास लागतात. खोली दुप्पट करायची असल्यास वेळ चौपट होतो. आराखड्यात केसची खोली किती मागायची, हा म्हणूनच भट्टीच्या वेळेचा आणि इंधनाचा प्रश्न असतो. तापमान वाढवल्यास D झपाट्याने वाढतो आणि वेळ वाचतो, पण पोलादाचे कण मोठे होऊन चिवटपणा घटण्याचा धोका असतो.

## वर्गमूळ नियम कोठे कोलमडतो

प्रश्नात एखादी ठरावीक लांबी शिरली की समरूपता भंग पावते. व्यवहारात हे प्रामुख्याने दोन प्रकारे घडते.

पहिली लांबी म्हणजे भागाची जाडी. वरील उदाहरणात ७.८ तासांनंतर √(Dt) सुमारे ०.५३ मिमी आणि पोहोच सुमारे २.१ मिमी असते. दाताचे टोक ४.२ मिमीहून पातळ असल्यास दोन्ही बाजूंनी शिरलेला कार्बन मध्यावर एकत्र येतो. टोक त्याहून बरेच पातळ असल्यास तेथे चिवट गाभा उरत नाही आणि ते ठिसूळ होऊन तुटू शकते. पृष्ठभागाची वक्रता हीदेखील अशीच एक लांबी आहे. बाहेर फुगीर असलेल्या टोकाशी खोली सपाट पृष्ठभागापेक्षा जास्त, तर दाताच्या खोलगट मुळाशी कमी भरते.

दुसरी लांबी पृष्ठभागावरच दडलेली असते. उकलीनुसार t = 0 या क्षणी आत जाणारा प्रवाह अनंत असतो. कोणतीही भट्टी एवढा कार्बन पुरवू शकत नाही. प्रत्यक्षात वायूतून पोलादात कार्बन शिरण्याचा वेग β मर्यादित असतो. β सुमारे १० ⁻⁷ मी/से. धरल्यास D/β ही लांबी ०.१ मिमी येते. सुरुवातीच्या काळात, म्हणजे D/β² या सुमारे १,००० सेकंदांच्या मानाने फारसा वेळ गेलेला नसताना, वर्गमूळ नियम लागू पडत नाही. तक्त्यातील पहिल्या ओळीवर म्हणूनच सर्वांत कमी विसंबता येते. पुढे नियम पुन्हा जवळपास खरा ठरतो, मात्र खोली सुमारे D/β ने कमी भरते.

हे ओळखण्याची रीत सोपी आहे. वेगवेगळ्या वेळी बाहेर काढलेले नमुने कापून सूक्ष्मकाठिण्य चाचणीने केसची खोली मोजतात आणि ती √t समोर आलेखात मांडतात. बिंदू मूळबिंदूतून जाणाऱ्या सरळ रेषेवर पडले, तर समरूपता उकल लागू आहे. रेषा सरळ असूनही मूळबिंदूच्या उजवीकडून जात असल्यास पृष्ठभागावरील कार्बन उशिरा वाढला, किंवा भाग पूर्ण तापण्यापूर्वीच वेळ मोजण्यास सुरुवात झाली, असे समजते. आलेखाचा उतार अखेरीस वाढू लागल्यास दोन बाजूंचे थर एकमेकांना भिडल्याची शक्यता असते.

D हा कार्बनच्या प्रमाणानुसार बदलत असला, तरी मात्र समरूपता टिकते, कारण त्यामुळे प्रश्नात नवी लांबी येत नाही. त्रुटी फलनाच्या जागी वेगळा वक्र येतो, परंतु खोली √t च्या प्रमाणातच वाढते. ऑस्टेनाइटमधील कार्बनच्या बाबतीत हे महत्त्वाचे आहे, कारण तेथे कार्बनबरोबर D वाढतो.

## इतिहास

उष्णता समीकरणाचा सविस्तर अभ्यास जोसेफ फूरिए यांनी १८२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडला. अॅडॉल्फ फिक यांनी १८५५ मध्ये तेच समीकरण द्रव्याच्या विसरणास लावले. विल्यम थॉमसन (लॉर्ड केल्विन) यांनी १८६२ मध्ये वरील अर्ध-अनंत उकल पृथ्वीस लावली. पृष्ठभागाजवळील तापमानाचा उतार 1/√t च्या प्रमाणात घटतो, यावरून त्यांनी पृथ्वीचे वय २ कोटी ते ४० कोटी वर्षांच्या दरम्यान ठरवले. गणित बरोबर असले, तरी पृथ्वीचे अंतरंग स्थिर व एकसंध आहे हे त्यांचे गृहीतक चुकीचे होते. विसरण गुणांक बदलता असतानाही x/√t हे चल उपयोगी पडते, हे लुडविग बोल्ट्झमान यांनी १८९४ मध्ये दाखवले. या चलबदलास ‘बोल्ट्झमान रूपांतर’ असेही म्हणतात.