‘तुम्ही आमचे कर्मचारी नव्हता’

समजा, पुण्यातली एक ग्राफिक डिझायनर सहा वर्षं एकाच कंपनीचं काम करते आहे. दरमहा ६०,००० रुपयांचं बिल लावायचं, १० टक्के टीडीएस कापून ५४,००० खात्यात जमा व्हायचे. एक दिवस मेल येतो : करारातल्या कलमानुसार ३० दिवसांची नोटीस देत आहोत. आपण स्वतंत्र कंत्राटदार असल्याने पीएफ, ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे वा अन्य कोणताही लाभ देय नाही.

हे शेवटचं वाक्य तुसडं वाटतं, पण ते भावना दुखवण्यासाठी लिहिलेलं नसतं. पुढचा दावा रोखण्यासाठी वकील ते आवर्जून घालतात. ती कर्मचारी असती आणि मूळ पगार २६,००० असता, तर ग्रॅच्युइटीच्या हिशेबात महिना २६ दिवसांचा धरून दर वर्षाचे १५ दिवस, म्हणजे १५,००० रुपये मिळाले असते. सहा वर्षांचे झाले ९०,०००. शिवाय पीएफ.

पण कागदावर ‘कंत्राटदार’ लिहिलं की विषय संपला का? नाही. आंध्र प्रदेशातल्या ‘सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउस’चा खटला यासाठी आजही वाचावा असा आहे. तिथले शिंपी नगावर पैसे घ्यायचे, रजेचा अर्ज द्यायचे नाहीत, दुसऱ्याचं कामही करू शकायचे. मालकाचं म्हणणं, हे माझे नोकर कसले? पण यंत्रं दुकानाची होती, आणि शिवण मनाजोगती नसली की उसवून पुन्हा शिवायला लावायचा अधिकार मालकाचा होता. १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना नोकरच मानलं.

तेव्हा डिझायनरने करारापेक्षा आपला रोजचा दिवस तपासावा. लॅपटॉप कोणाचा? हजेरी लागत होती का? सुट्टीसाठी साहेबांची परवानगी घ्यावी लागे का? दुसऱ्या ग्राहकाचं काम करायला मनाई होती का? उत्तरं कंपनीकडे झुकत असतील तर कामगार-कायद्याच्या वकिलाकडे जाण्यात अर्थ आहे. मात्र तिचे स्वतःचे पाच ग्राहक असतील, काम घरून, आपल्या यंत्रावर आणि आपल्या वेळेत होत असेल, तर कंपनीचं वाक्य बहुधा टिकेल. एकच कसोटी कुठेच पुरत नाही, आणि सिद्ध करण्याचा भार दावा करणाऱ्यावर असतो. त्यात वर्षं जातात, हेही खरं.

खरी चूक होते ती मेलसोबतच्या कागदावर. ‘सर्व येणी मिळाली, काहीही दावा उरलेला नाही’ असं लिहिलेलं असतं, आणि शेवटचं बिल अजून मंजूरही झालेलं नसतं. नोटिशीच्या ३० दिवसांचे पैसे, झालेलं पण बिल न लावलेलं काम, हे सगळं जमा झाल्याशिवाय त्यावर सही करू नये.

आणि कंत्राटदाराच्या हातात एक गोष्ट अशी आहे, जी नोकराकडे नसते. तिची ‘उद्यम’ नोंदणी असेल, तीही काम सुरू होण्याआधीची, तर सूक्ष्म उद्योग म्हणून तिचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करणं कंपनीला बंधनकारक आहे. उशीर झाला तर चक्रवाढ व्याज लागतं.