एकरभर वावर, एक विहीर आणि ठिबकचा नकाशा

ठिबक संच घ्यायला निघालेल्या शेतकऱ्याचा हिशेब बहुतेकदा दुकानाच्या गल्ल्यावरच होतो. ‘एकराला इतके मीटर नळी, इतके ड्रीपर, एवढा मेनपाइप’ असे आकडे बिलाच्या पाठीवर मांडले जातात आणि तेवढ्यावर माल गाडीत चढतो. त्या हिशेबातलं वावर कायम काटकोनी आणि सपाट असतं, आणि विहीर कुठे आहे याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. प्रत्यक्षात बांध तिरके असतात, जमीन एका अंगाला चढते आणि विहीर नेमकी खालच्या कोपऱ्यात असते. संगणकावर कॅडमध्ये मापात काढलेल्या आराखड्याचा उपयोग या ठिकाणी होतो. पाइप विकत घेण्याआधी तो दोन-तीन तऱ्हांनी कागदावर अंथरून बघता येतो.

नारायणगाव परिसरात टोमॅटोची जशी वावरं असतात, तसं एक वावर उदाहरणासाठी घेऊ. दक्षिणेचा बांध ८० मीटर, पूर्वेचा ५०, उत्तरेचा ७८.१ आणि पश्चिमेचा ५४. विहीर नैर्ऋत्य कोपऱ्यात. जमीन पश्चिमेकडून पूर्वेकडे एकंदर ८० सेंटिमीटर चढते, दक्षिणोत्तर मात्र जवळजवळ सपाट आहे. विहिरीवर तीन अश्वशक्तीचा पंप आधीपासूनच बसलेला आहे.

चार बाजू मोजल्या म्हणजे मोजणी झाली, असं वाटणं साहजिक आहे. पण त्याच चार लांब्यांमधून सरळ चौकोनही तयार होतो आणि एका अंगाला कललेलाही. म्हणून पाचवं माप लागतं ते कर्णाचं. इथे नैर्ऋत्य ते ईशान्य कोपऱ्यापर्यंतचा कर्ण ९२.६ मीटर भरतो. कॅडमध्ये आधी ८० मीटरची रेघ काढायची. तिच्या एका टोकावरून `CIRCLE` देऊन कर्णाएवढ्या त्रिज्येचं वर्तुळ आणि दुसऱ्या टोकावरून ५० मीटरचं वर्तुळ काढलं, की दोन्ही जिथे छेदतात तो ईशान्य कोपरा. चौथा कोपराही याच रीतीने सापडतो. कोपरे जोडून बंद आकृती केली आणि `AREA` विचारलं, तर उत्तर सुमारे ४,१०० चौरस मीटर येतं, म्हणजे एकराहून थोडंसं जास्त. ‘८० गुणिले ५४’ असा ढोबळ हिशेब केला असता तर दोन गुंठे जास्त धरले गेले असते आणि दीड मीटरच्या सरीला साधारण १४० मीटर नळी फुकट विकत घेतली गेली असती.

उंचीसाठी महागडं यंत्र लागत नाही. गवंडी लेव्हल धरायला वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन दर दहा-वीस मीटरवर पातळी मोजली तरी काम भागतं. मात्र हे आकडे आराखड्यावर लिहिले गेलेच पाहिजेत, कारण पुढचा सगळा निर्णय त्यांच्यावर ठरतो. आणखी एक सावधगिरी सुरुवातीलाच घ्यावी. `UNITS` मध्ये एकक मीटर ठेवावं. मिलिमीटरवर बेतलेलं व्हॉल्व्हचं तयार चित्र मीटरच्या नकाशात तसंच आणून ठेवलं, तर व्हॉल्व्ह वावराहून मोठा दिसतो. तो गोंधळ निदान डोळ्यांना दिसतो तरी. फुटांत घेतलेलं एखादं माप मीटर म्हणून भरलं गेलं, तर ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

आता नळ्या. लॅटरल म्हणजे सरीवर पसरणारी १६ मिलिमीटरची नळी. इनलाइन प्रकारात ड्रीपर तिच्या पोटातच असतात. इथे दर ४० सेंटिमीटरवर तासाला दोन लिटर देणारा ड्रीपर धरला आहे आणि दोन सऱ्यांत दीड मीटर अंतर. दक्षिणेच्या बांधापासून पाऊण मीटरवर पहिली रेघ काढायची आणि `OFFSET` मध्ये 1.5 देऊन एकामागून एक समांतर रेघा उठवायच्या. बांधाबाहेर गेलेली टोकं `TRIM` ने छाटली की वावरात ३६ सऱ्या दिसतात.

सऱ्या लांबीच्या दिशेने ठेवल्या यात शेतकऱ्याची सोय आहे. ट्रॅक्टर कमी वेळा वळतो, मल्चिंगचा कागद सलग बसतो. मग सर्वांत सोपा विचार असा, की विहीर पश्चिमेला आहे, सबमेनही पश्चिमेच्या बांधालाच घालावा आणि तिथून ७८ मीटरच्या नळ्या पूर्वेकडे सोडाव्यात. खोदाई कमी, जोडण्याही निम्म्या. कित्येक वावरांत असंच केलेलं असतं, आणि तिथेच शेवटच्या झाडांची पानं दुपारी माना टाकतात.

ड्रीपरला साधारण दहा मीटर उंचीच्या पाण्याएवढा, म्हणजे एक किलोचा, दाब लागतो. साध्या ड्रीपरमध्ये दाब कमी झाला की पाणीही कमी पडतं. एका विभागात सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी दाबात दोन मीटरपेक्षा अधिक फरक पडू नये, असा आखणीचा रूढ नियम आहे. तेवढ्या फरकाने पाण्यात दहा टक्क्यांच्या आसपास तफावत येते आणि पीक ती सोसतं. ७८ मीटरच्या नळीत घर्षणाने सुमारे दीड मीटर दाब जातो. वर ८० सेंटिमीटरचा चढ आहे. बेरीज २.३ मीटर. सबमेनमधली घट मोजण्याआधीच मर्यादा ओलांडली गेली.

आराखड्यात एकच बदल करून पाहू. सबमेन पश्चिमेच्या बांधावरून उचलून वावराच्या मध्यावर, ४० मीटरवर आणायचा आणि नळ्या दोन्ही अंगांना सोडायच्या. सऱ्या आहेत तेवढ्याच लांब राहतात, पण प्रत्येक नळी सुमारे ३९ मीटरची होते. घर्षणाचा आकडा आता दीड मीटरवरून जेमतेम २० सेंटिमीटरवर उतरतो. लांबी निम्मी झाली तर घट सातव्या हिश्श्याहून थोडी कमीच उरते, कारण नळी निम्मी झाली की तिच्यातून वाहणारं पाणीही निम्मं होतं, आणि घर्षण पाण्याच्या वाढीपेक्षा फार वेगाने वाढतं. चढाच्या अंगाला ४० सेंटिमीटर उंची आणि ५० मिलिमीटरच्या सबमेनमधली अर्ध्या मीटरची घट मिळवली तरी बेरीज १.१ मीटरच भरते. पश्चिमेच्या अंगाला तर उतार मदतीलाच येतो.

मध्यावर सबमेन म्हटलं की ‘वावरात मधोमध व्हॉल्व्ह नको, नांगर अडतो’ ही तक्रार हमखास येते, आणि ती रास्तही आहे. त्यावरचा तोडगा नकाशात सहज दिसतो. एकाच चरात दोन सबमेन शेजारी शेजारी टाकायचे, एक पश्चिमेच्या नळ्यांसाठी आणि एक पूर्वेच्या. दोन्हींचे व्हॉल्व्ह दक्षिणेच्या बांधावर येतात, गाळ काढायचे फ्लश व्हॉल्व्ह उत्तरेच्या बांधावर. मेनलाइनला विहिरीपासून बांधाबांधाने फक्त ४० मीटर जावं लागतं आणि ६३ मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपमध्ये एवढ्या अंतरात दाबाची घट जेमतेम ३५ सेंटिमीटर होते. चर दीड फूट खोल असला म्हणजे नांगराचा फाळ पाइपपर्यंत पोचत नाही.

उत्तरेचा बांध तिरका आहे, ही गोष्टही रेघा छाटताना उघडी पडते. शेवटची सरी पश्चिमेच्या बाजूला जेमतेम १४-१५ मीटरची उरते आणि मधल्या सबमेनपर्यंत पोचतच नाही. तिच्या आधीची सबमेनजवळ बांधाला जवळजवळ टेकते. बिलाच्या पाठीवरच्या हिशेबात या दोन सऱ्या मोजल्या गेल्या असत्या. नकाशात त्या पुसून टाकायच्या आणि त्या चिंचोळ्या पट्टीत फार तर झेंडू लावायचा. उरल्या ३४ सऱ्या, म्हणजे ६८ नळ्या.

या नळ्या, सबमेन, मेनलाइन आणि बांध वेगवेगळ्या लेयरवर काढल्या असतील तर मालाची यादी जवळपास आपोआप निघते. लिबरकॅड या मोफत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये निवडलेल्या रेषांची एकूण लांबी सांगणारी सोय आहे. इथे नळीची बेरीज सुमारे २,६०० मीटर येते. सगळं एकाच लेयरवर काढलं, तर त्या बेरजेत बांधही मिसळतो आणि आकडा फसवा निघतो. कॅड दाबाचा हिशेब करून देत नाही, हेही ध्यानात ठेवावं. ते फक्त खरी लांबी देतं. घर्षण सूत्राने किंवा पाइप कंपनीच्या तक्त्यावरून काढावं लागतं.

एका विभागाला तासाला सुमारे ६,६०० लिटर पाणी लागतं. उन्हाळ्यात विहिरीतलं पाणी १२ मीटर खोल गेलं असं धरून त्यात ड्रीपरचे दहा मीटर, गाळण्यांमधली घट आणि पाइपांमधलं घर्षण मिळवलं, तर पंपाला साधारण ३२ मीटर पाणी उचलावं लागतं. एका विभागाला दोन अश्वशक्तीही पुरेल. दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडले तर मात्र तीन अश्वशक्तीचा पंप कमी पडतो. म्हणून पाळीपाळीने चालवायचं. या मांडणीत तासाला सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास पाणी पडतं. टोमॅटोला कडक उन्हात दिवसाला पाच मिलिमीटर द्यायचं तर प्रत्येक विभाग दीड तास, म्हणजे दोन्ही मिळून तीन तास. एक विभाग चालू असताना पंपाचं जास्तीचं पाणी परत विहिरीत सोडणारा बायपास नकाशात दाखवला नसेल, तर नळ्या जोडांतून निसटू लागतात.

गाळण्यांची जागाही तिथेच, विहिरीच्या काठावर. उघड्या विहिरीत शेवाळ असतं, म्हणून आधी वाळूची गाळणी आणि तिच्यापुढे जाळीची. दोन्हींच्या आधी आणि नंतर दाबमापक हवेत. दोन काट्यांतला फरक वाढू लागला की गाळणी तुंबली, असं समजून ती उलट्या पाण्याने धुवायची.

संच बसल्यावर आराखडा बरोबर होता की नाही, हे शेतकऱ्याला स्वतःला तपासता येतं. दोन लिटरचा ड्रीपर तीन मिनिटांत १०० मिलिलिटर पाणी देतो. दोन्ही विभागांत सबमेनजवळच्या आणि नळीच्या टोकाच्या ड्रीपरखाली वाट्या ठेवून, घड्याळ लावून, औषधाच्या मापाने पाणी मोजावं. टोकाला ९४-९५ मिलिलिटर मिळाले तर हिशेब जमला. ८० च्या खाली आले तर आधी शेवटची टोपी काढून नळी धुवावी, तरीही फरक पडला नाही तर दाब कुठे जातो ते शोधावं. चर बुजवण्याआधी सबमेन प्रत्यक्षात पश्चिमेच्या बांधापासून किती मीटरवर पडला ते पुन्हा मोजून नकाशात दुरुस्त करून घ्या, आणि त्याची एक छापील प्रत पंपाच्या खोलीत लावून ठेवा. विक्रेत्याने आराखडा काढून दिला असेल, तर बिलासोबत त्याची कॅडमधली फाइलही मागून घ्या.